फळ्यावरचा उलटा हिशेब

डीप लर्निंगच्या नोकरीसाठी मुलाखतीला बसलेल्या उमेदवाराला पहिला प्रश्न बहुतेक वेळा साधाच येतो : "बॅकप्रोपगेशन समजावून सांगा." उत्तर पाठ असतं. चेन रूल, ग्रेडियंट, वेट अपडेट असे शब्द धडाधड बाहेर पडतात. समोरची व्यक्ती शांतपणे ऐकून घेते आणि मार्कर पुढे करते. "छान. आता आकडे घालून करून दाखवा."

पुढे व्हॅनिशिंग ग्रेडियंट येतो, बॅच नॉर्मलायझेशन येतं, लॉस फंक्शन कसं निवडणार हेही विचारलं जातं. तयारीच्या वह्यांमध्ये ही चार वेगळी प्रकरणं असतात. फळ्यावर मात्र चारही ठिकाणी एकाच आकड्याची चौकशी चालते. नेटवर्कची चूक मोजून झाली की शेवटच्या थरापासून पहिल्या थराकडे एक आकडा उलटा निघतो. त्याचं नाव ग्रेडियंट. अमुक एक वेट किंचित वाढवला तर चूक किती वाढेल किंवा घटेल, एवढंच तो सांगतो. हा आकडा कसा निघतो, वाटेत का आटतो, वाट मोकळी कशी ठेवायची आणि मुळात तो किती मोठा निघावा, हेच ते चार प्रश्न.

फळ्यावर मांडायला दोन वेटचं नेटवर्क पुरतं. इनपुट 2 आहे. पहिला वेट 0.5, म्हणून मधल्या थरात 1 येतो. दुसरा वेट 3, म्हणून उत्तर 3 येतं. यायला हवं होतं 5. फरकाचा वर्ग करून त्याचा निम्मा घेतला तर चूक, म्हणजे लॉस, भरतो 2.

आता उलट यायचं. उत्तराच्या जागी ग्रेडियंट आहे 3 वजा 5, म्हणजे उणे 2. दुसऱ्या वेटचा ग्रेडियंट काढायला त्याला मधल्या थरातल्या 1 ने गुणायचं : उणे 2. मधल्या थरापर्यंत मागे जायला दुसऱ्या वेटने, म्हणजे 3 ने गुणायचं : उणे 6. पहिल्या वेटसाठी इनपुटच्या 2 ने गुणायचं : उणे 12. लर्निंग रेट 0.01 धरला, तर पहिला वेट 0.62 होतो आणि दुसरा 3.02. पुन्हा उत्तर काढलं की ते 3.74 च्या आसपास येतं आणि लॉस 2 वरून 0.79 वर उतरतो. एका फेरीत एवढं होतं. खऱ्या नेटवर्कमध्ये वेट लाखो-कोट्यवधी असतात, पण गुणाकार हेच.

या चार ओळींत दोन सापळे आहेत. पहिला : मागे जाताना दुसऱ्या वेटची कोणती किंमत वापरायची, जुनी 3 की बदललेली 3.02? जुनीच, कारण चूक जुन्या वेटने झाली होती. दुसरा : मधल्या थरातला तो 1 परतीच्या वाटेवर पुन्हा लागला, म्हणजे तो कुठेतरी जपून ठेवावा लागला. म्हणूनच नेटवर्क शिकवताना जेवढी मेमरी लागते, तेवढी ते नुसतं वापरताना लागत नाही. ट्रेनिंग सुरू करताच जीपीयूची मेमरी संपली, तर बॅचचा आकार कमी करण्याचा सल्ला मिळतो तो याच कारणाने.

उलटा हिशेब करण्याची ही रीत फिनलंडच्या सेप्पो लिनाइन्मा यांनी 1970 साली आपल्या पदव्युत्तर प्रबंधात मांडली होती, तीही न्यूरल नेटवर्कचा संबंध न लावता. नेटवर्कच्या जगात ती गाजली 1986 मध्ये, डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांच्या 'नेचर'मधल्या लेखामुळे. तिचं मोल एका तुलनेत कळतं. दहा लाख वेट असतील आणि प्रत्येक वेट थोडा हलवून परिणाम पाहायचा म्हटलं, तर नेटवर्क दहा लाखांहून जास्त वेळा चालवावं लागेल. बॅकप्रोपगेशनला एक फेरी पुढे आणि एक मागे, एवढ्यात सगळे ग्रेडियंट मिळतात.

पण या रीतीत सगळे गुणाकारच आहेत, आणि दुसरा प्रश्न तिथूनच निघतो.

जुन्या नेटवर्कमध्ये प्रत्येक थरानंतर सिग्मॉइड नावाचं फंक्शन असे. ते कोणत्याही संख्येला 0 आणि 1 च्या मध्ये आणून बसवतं. त्याचा चढ, म्हणजे मागे जाताना ज्याने गुणायचं तो आकडा, जास्तीत जास्त 0.25 असतो. वेट 1 च्या आसपास आहेत असं धरलं, तर प्रत्येक थर हातात आलेल्या रुपयातले फार तर चार आणे मागे देतो. दहा थर ओलांडेपर्यंत मूळ ग्रेडियंटचा साधारण दहा लाखावा भाग उरतो, आणि ही सर्वांत चांगली परिस्थिती झाली. सिग्मॉइडमध्ये जाणारी संख्या 0 पासून दूर, समजा 10 असेल, तर एकाच थरात 0.00005 हूनही कमी उरतं.

सेप्प होखरायटर यांनी 1991 साली म्युनिकमध्ये जर्मन भाषेत लिहिलेल्या प्रबंधात या आटण्याचं गणित मांडलं. फसवी गोष्ट अशी, की प्रोग्राम कुठेही बंद पडत नाही. शेवटचे थर थोडंफार शिकतात, लॉस सुरुवातीला जरा उतरतो आणि मग तिथेच रेंगाळतो. पहिले थर मात्र सुरुवातीच्या यादृच्छिक वेटवरच बसून राहतात. "हे ओळखणार कसं?" या प्रश्नाला पायटॉर्चवर काम केलेला उमेदवार दोन ओळींत उत्तर देतो. `loss.backward()` झाल्यावर प्रत्येक थराचा ग्रेडियंट छापून पाहायचा :

```python
for name, p in model.named_parameters():
    print(name, p.grad.norm())
```

शेवटच्या थराशी 0.1 आणि पहिल्या थराशी 0.0000001 अशी उतरंड दिसली, तर दुखणं सापडलं. उपायांपैकी सर्वांत सोपा रेल्यू. त्यात धन संख्येसाठी चढ थेट 1 असतो, त्यामुळे रुपयाचा रुपया मागे जातो. ऋण संख्येसाठी मात्र चढ शून्य, त्यामुळे काही न्यूरॉन कायमचे गप्प होऊ शकतात. सुरुवातीच्या वेटचा आकार नीट ठरवणं आणि थरांना वळसा घालून जाणारा थेट जोडरस्ता देणं हे आणखी दोन उपाय. असे जोडरस्ते असलेलं रेसनेट 2015 मध्ये 152 थरांपर्यंत पोचलं.

त्याच वर्षी गूगलमधल्या सर्गेई योफे आणि क्रिस्टियान सेगेडी यांनी बॅच नॉर्मलायझेशन मांडलं. कल्पना बारावीच्या सांख्यिकीतली आहे. एका बॅचमध्ये चार उदाहरणं आहेत आणि एका न्यूरॉनवर त्यांच्यासाठी 2, 4, 6, 8 हे आकडे आले. सरासरी 5, प्रमाण विचलन साधारण 2.24. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करून विचलनाने भागलं की उणे 1.34, उणे 0.45, 0.45 आणि 1.34 मिळतात. 2,000, 4,000, 6,000, 8,000 आले असते तरी हेच चार आकडे मिळाले असते. म्हणजे आधीच्या थरात कितीही उलथापालथ झाली तरी पुढच्या थराकडे जाणारे आकडे 0 च्या आसपास राहतात. त्यानंतर एक गुणक आणि एक बेरीज अशा दोन शिकता येणाऱ्या संख्या लावतात, कारण एखाद्या थराला वेगळाच पल्ला सोयीचा असेल तर तो मिळवण्याची मुभा हवी.

"बॅचमध्ये एकच उदाहरण असेल तर?" असं विचारलं की बरेच जण थबकतात. वर मांडलेल्या उदाहरणात ते करून पाहावं : एकाच आकड्याची सरासरी तो आकडाच, वजाबाकी शून्य. इनपुट काहीही असो, उत्तर शून्यच. म्हणून ट्रेनिंग चालू असताना सरासरी आणि विचलन यांची चालती नोंद ठेवली जाते आणि प्रत्यक्ष वापरात तीच वापरतात. पायटॉर्चमध्ये त्यासाठी `model.eval()` म्हणावं लागतं. ते विसरलं, तर एकाच फोटोचं उत्तर त्याच्याबरोबर बॅचमध्ये कोणते फोटो आले त्यावर बदलत राहतं. सकाळी बरोबर चालणारं मॉडेल दुपारी वेड्यासारखं वागतं, ते बऱ्याचदा अशा विसरलेल्या ओळीमुळे.

बॅचनॉर्म का चालतं, हाही प्रश्न येतो. मूळ लेखाचं म्हणणं होतं, की प्रत्येक थराला मिळणाऱ्या आकड्यांची ठेवण ट्रेनिंगमध्ये सारखी बदलते आणि बॅचनॉर्म ती स्थिर ठेवतं. 2018 मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी बॅचनॉर्मनंतर मुद्दाम गोंधळ घालून ही ठेवण अस्थिर केली, तरी ट्रेनिंग उत्तमच चाललं. त्यांच्या मते खरा फायदा लॉसचा पृष्ठभाग गुळगुळीत होण्यात आहे : ग्रेडियंट ज्या दिशेला बोट दाखवतो, ती दिशा थोडं दूर गेल्यावरही भरवशाची राहते आणि मोठी पावलं टाकता येतात. पाठ केलेलं जुनं स्पष्टीकरण देणारा उमेदवार इथे ओळखू येतो.

राहिला लॉस फंक्शनचा प्रश्न. बँकेचा व्यवहार खोटा आहे की खरा, हे मॉडेलला सांगायचं आहे. व्यवहार खोटा आहे, म्हणजे उत्तर 1 हवं. मॉडेलने सिग्मॉइडमधून काढलं 0.01. याहून मोठी चूक क्वचितच होईल. लॉस म्हणून फरकाचा वर्ग निम्मा करून घेतला, तर सिग्मॉइडच्या मागे पोचणारा ग्रेडियंट 0.99 गुणिले 0.01 गुणिले 0.99, म्हणजे सुमारे 0.0098. क्रॉस एन्ट्रॉपी घेतली तर तो तांत्रिक गुणाकार कटतो आणि थेट 0.99 उरतो. चूक तीच, पण शिकण्याचा धक्का शंभरपट. वर्गाच्या लॉसमध्ये मॉडेल जितकं छातीठोकपणे चुकतं, तितकं कमी शिकतं. होय-नाही किंवा अनेक वर्गांच्या प्रश्नाला क्रॉस एन्ट्रॉपी का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

उत्तर संख्या असेल, समजा घराची किंमत, तर निवड वेगळी. एका सोसायटीतल्या पाच व्यवहारांत किमती 40, 42, 45, 48 आणि 200 लाख आहेत आणि मॉडेलला एकच आकडा सांगायचा आहे. फरकाच्या वर्गाचा लॉस त्याला सरासरीकडे, 75 लाखांकडे ओढतो, जिथे एकही घर विकलं गेलेलं नाही. नुसत्या फरकाचा लॉस मध्यकाकडे, 45 लाखांकडे नेतो. तो 200 लाखांचा व्यवहार नोंदीतली चूक असेल तर दुसरा लॉस बरा. तो खरा असेल आणि मोठ्या चुकाच महागात पडत असतील तर पहिला. म्हणून जाणता उमेदवार लॉसचं नाव घेण्याआधी डेटाबद्दल विचारतो.

आणि मग शेवटचा सापळा येतो. दोन वर्गांचं मॉडेल आहे, लॉस 0.31 च्या खाली काही केल्या उतरत नाही. ग्रेडियंट ठीक, डेटा ठीक. पायटॉर्चचं `CrossEntropyLoss` सॉफ्टमॅक्स स्वतःच लावतं. मॉडेलच्या शेवटी तो आधीच लावलेला असेल, तर दोनदा लागतो. पहिल्यातून फार तर 1 आणि 0 बाहेर येतात. त्यांच्यावर पुन्हा लावला की संभाव्यता 0.73 च्या वर जात नाही, आणि 0.73 चा लॉस भरतो 0.31. कोणतीही एरर येत नाही. मॉडेलमधली सॉफ्टमॅक्सची ओळ काढली की लॉस पुन्हा उतरायला लागतो.