दुप्पट दाखवणारा आरसा

दाढीसाठी किंवा डोळ्यांत काजळ घालण्यासाठी एक गोल आरसा मिळतो. एका बाजूने साधा, दुसऱ्या बाजूने चेहरा मोठा दाखवणारा. खोक्यावर कुठे दुप्पट, कुठे पाचपट असे छापलेले असते. किती अंतरावरून पाहिल्यावर पाचपट, हे मात्र बहुधा लिहिलेले नसते; आणि अंतर सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

मोठे दाखवणारी बाजू म्हणजे अंतर्गोल आरसा. दूरच्या वस्तूकडून येणारे किरण तो ज्या बिंदूत गोळा करतो ती त्याची नाभी, आणि आरशापासून तिथपर्यंतचे अंतर म्हणजे नाभीय अंतर. आपल्या आरशाचे नाभीय अंतर ६० सेंटिमीटर आहे असे धरू आणि चेहरा ३० सेंटिमीटरवर आणू, म्हणजे नाभीच्या आत.

नाकावरच्या एका तिळाकडून निघालेले किरण फाकत फाकत आरशावर पडतात. आरसा त्यांना एकत्र आणू पाहतो, पण तीळ इतका जवळ आहे की किरण फारच फाकलेले असतात. आरशाची ताकद तिथे अपुरी पडते. परतणारे किरण पहिल्यापेक्षा कमी फाकतात, पण फाकतातच. आरशापुढे ते कुठेही एकमेकांना भेटत नाहीत. डोळा मात्र त्यांचा माग सरळ रेषेत मागे काढतो, आणि तो माग आरशाच्या पाठीमागे एका बिंदूत मिळतो. तीळ तिथे असल्यासारखा दिसतो. ही आभासी प्रतिमा. आरशामागे कागद धरलात तर त्यावर काहीही उमटणार नाही, कारण प्रकाश तिथे पोहोचलेलाच नाही.

आता ती किती मागे आणि किती मोठी ते पाहू. शाळेतल्या सूत्रातली चिन्हांची कटकट बाजूला ठेवली तर हिशेब सोपा आहे. नाभीय अंतरातून चेहऱ्याचे अंतर वजा करायचे आणि उरलेल्याने नाभीय अंतराला भागायचे. ६० मधून ३० गेले, उरले ३०. ६० भागिले ३० म्हणजे दुप्पट. प्रतिमाही दुप्पट लांब, आरशामागे ६० सेंटिमीटरवर. आणि सुलटी.

गंमत इथून सुरू होते. डोळ्यापासून प्रतिमा आता ३० अधिक ६०, म्हणजे ९० सेंटिमीटरवर आहे. साधा आरसा ३० सेंटिमीटरवर धरला असता तर प्रतिमा आकाराने चेहऱ्याएवढीच, पण ६० सेंटिमीटरवर दिसली असती. अंतर्गोल आरशाने चेहरा दुप्पट केला आणि त्याच वेळी दीडपट लांबही नेला. त्यामुळे डोळ्याला प्रत्यक्ष फायदा होतो तो एक तृतीयांशाचा. आरसा कितीही भारी घ्या, चेहरा नाभीच्या आत असेपर्यंत तेवढ्याच अंतरावरच्या साध्या आरशाच्या तुलनेत हा फायदा दुपटीपर्यंत कधीच जात नाही.

मग हा आरसा घ्यायचा कशाला? माझ्या मते त्याचा खरा गिऱ्हाईक चाळिशी लागलेला माणूस. चष्मा काढल्यावर ज्याला ९० सेंटिमीटरच्या अलीकडचे धड दिसत नाही, त्याने साधा आरसा ३० वर धरला तर ६० वरची प्रतिमा अंधूकच दिसणार. ती ९० वर न्यायची तर त्याला साध्या आरशापासून ४५ सेंटिमीटरवर उभे राहावे लागेल. अंतर्गोल आरशात मात्र तो ३० वर उभा राहतो, प्रतिमा ९० वर स्पष्ट दिसते आणि तीही दुप्पट. या माणसाच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा अगदी खरा. दाढी करताना किंवा काजळ घालताना चष्मा लावता येत नाही, तेव्हा प्रतिमा लांब ढकलणे हीच या आरशाची खरी करामत. मोठेपणा हा वरचा नफा.

मायनस नंबरवाल्यांना याच्या उलट अनुभव येतो. ज्याला चष्म्याशिवाय जेमतेम ३३ सेंटिमीटरपर्यंतच स्वच्छ दिसते, त्याने साधा आरसा १५ सेंटिमीटरवर धरला तर प्रतिमा ३० वर, म्हणजे त्याच्या टप्प्यात येते. हाच अंतर्गोल आरसा तेवढ्याच अंतरावर धरला तर प्रतिमा ३५ वर जाते आणि कडा पुसट होऊ लागतात. त्याने साधी बाजूच वापरावी.

चेहरा हळूहळू मागे नेला तर? ५० सेंटिमीटरवर प्रतिमा सहापट होते, पण साडेतीन मीटर लांब जाते. ६० जवळ आल्यावर सगळा आरसा गाल आणि नाकाने भरून जातो, आणि नाभी ओलांडली की चेहऱ्याचा नुसता धुरळा होतो. ती प्रतिमा आता आरशामागे नसून आपल्या डोक्यामागे तयार होत असते. तसेच मागे सरकत १२० सेंटिमीटरच्या पलीकडे गेलात की चेहरा पुन्हा दिसू लागतो, उलटा आणि लहान.

नाभीय अंतर घरच्या घरी मोजता येते. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ आरसा खिडकीकडे तोंड करून धरा आणि बाहेरच्या लांबच्या इमारतीचे उलटे चित्र कागदाच्या कपट्यावर झेला. चित्र सर्वांत रेखीव दिसेल तिथपासून आरशापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. चेहरा कायम त्याच्या आत हवा. हे करताना आरशावर ऊन पडू देऊ नका. ऊन थेट आरशावर येईल अशा खिडकीत तो कायमचा ठेवूही नये. नाभीपाशी पडदा लोंबत असला तर तो पेटू शकतो.