‘नुसता एमबीबीएस’ की सुपरस्पेशालिस्ट: पहिल्या दहा वर्षांचे काही गैरसमज

इंटर्नशिप संपत आली की घरात, हॉस्टेलवर आणि लग्नाच्या बैठकीत एकच प्रश्न विचारला जातो: “पीजी कशात?” करायचं की नाही, हे कुणी विचारत नाही. एमबीबीएसवर थांबला तो नीट-पीजीत मागे पडला असणार, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. एका विषयात खोल जायचं की सगळं बघणारा डॉक्टर व्हायचं, हा प्रश्न इतर पेशांतही पडतो. पण वैद्यकीत तो वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, रँक हातात आल्यावर आणि काउन्सेलिंगच्या मोजक्या दिवसांत सोडवावा लागतो. त्यामुळे त्याभोवती गैरसमजही जास्त.

गैरसमज: पुढे शिकला नाही की आपोआप फॅमिली डॉक्टर होतो

1961 साली कर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आकडेवारीवरून एक हिशेब मांडला, तो आजही शिकवला जातो. एका महिन्यात 1000 प्रौढांपैकी सुमारे 750 जणांना काहीतरी दुखतंखुपतं. त्यांतले 250 डॉक्टरकडे जातात. 9 जण रुग्णालयात दाखल होतात, 5 जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो तो फक्त 1. देश आणि काळ बदलला की आकडे बदलतील, पण उतरंड अशीच राहते.

आपला विद्यार्थी वैद्यक शिकतो ते मुख्यतः त्या एकाच्या खाटेशेजारी. उरलेले 249 त्याला कम्युनिटी मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये भेटतात, तेही पुस्तक उघडं ठेवून नीट-पीजीची तयारी चालू असताना. म्हणून एमबीबीएस झालेला डॉक्टर जनरलिस्ट नसतो. तो अजून कशाचाच तज्ज्ञ नसतो, एवढंच म्हणता येईल. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षांचं फाउंडेशन आणि त्यापुढे साधारण तीन वर्षांचं खास प्रशिक्षण घेतल्याशिवाय जीपी होता येत नाही. आपल्याकडेही फॅमिली मेडिसिनमध्ये तीन वर्षांचं डीएनबी आहे. त्यात मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, सर्जरी असं फिरून काम करावं लागतं. या सीटचं नाव काढलं की घरचे विचारतात, “म्हणजे शेवटी काय, जीपीच ना?”

या तीन वर्षांत शिकण्यासारखं काय असतं, हे एका उदाहरणावरून बघू. छातीत अधूनमधून दुखतं, पण आत्ता तातडीचं काही दिसत नाही, अशी तक्रार घेऊन आलेले रुग्ण घ्या. त्यांची टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी, करायची आहे. जुन्या अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांनुसार ही तपासणी आजार असलेल्या 100 पैकी सुमारे 68 जणांना पकडते आणि आजार नसलेल्या 100 पैकी सुमारे 77 जणांना बरोबर ‘नाही’ म्हणते.

हृदयरोगतज्ज्ञाकडे येणारे रुग्ण आधीच कुणीतरी निवडून पाठवलेले असतात. समजा, त्याच्याकडच्या 1000 जणांपैकी 500 जणांना खरोखर धमन्यांचा आजार आहे. तपासणी त्यांतल्या 340 जणांना पॉझिटिव्ह दाखवेल आणि निरोगी 500 पैकी 115 जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवेल. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की चारांतल्या तिघांना खरंच आजार असतो. अशा रिपोर्टवर पुढचं पाऊल टाकता येतं.

आता तीच तपासणी गल्लीतल्या दवाखान्यात आलेल्या 1000 जणांवर करा. इथे छातीत दुखण्यामागे स्नायू, पित्त, काळजी असं बरंच काही असतं. समजा, हृदयाचा आजार फक्त 50 जणांना आहे. तपासणी त्यांतले 34 पकडेल, पण उरलेल्या 950 पैकी सुमारे 218 जणांना विनाकारण पॉझिटिव्ह दाखवेल. एकूण 252 पॉझिटिव्ह, त्यांत खरे 34. म्हणजे सात-आठांत एक. बाकीच्यांची रात्रीची झोप उडते आणि त्यांतले काही अँजिओग्राफीच्या टेबलापर्यंत जातात. शिवाय आजार असूनही ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात पडलेले 16 जण निर्धास्त होऊन घरी जातात, ते वेगळेच.

मशीन आणि रिपोर्टचा कागद दोन्हीकडे तेच, पण त्यांचा अर्थ वेगळा. टीएमटी कुणाची करायचीच नाही, ईसीजी लगेच कुणाचा काढायचा, कुणाला त्याच पावली गाडीत बसवून मोठ्या रुग्णालयात धाडायचं आणि कुणाला “दोन दिवसांनी पुन्हा या, पण घाम फुटून दुखलं तर रात्रीसुद्धा निघा” असं बजावून घरी सोडायचं, हे ठरवणं म्हणजे जनरलिस्टचं कौशल्य. मोठ्या रुग्णालयात फारसा न मिळणारा काळ हे त्याचं हत्यार आहे. कार्डिऑलॉजीत दहा वर्षं घालवलेला हुशार माणूस या खुर्चीत बसला, तर सुरुवातीला तो गरजेपेक्षा जास्त तपासण्या करील. काहीच न शिकलेला माणूस बसला, तर तो त्या 50 जणांतले काही गमावून बसेल. ‘जनरल म्हणजे सगळ्यातलं थोडंथोडं’ हे म्हणणं त्यामुळेच मला पटत नाही.

गैरसमज: खोल गेलं की दहा वर्षांत स्थिरावतो

हिशेब करून बघा. अठराव्या वर्षी प्रवेश, साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप म्हणजे वय साडेतेवीस. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयातून शिकला असेल तर एक वर्षाची बॉण्डची सेवा. नीट-पीजी पहिल्याच फटक्यात हव्या त्या शाखेपर्यंत पोचवते असं नाही, म्हणून एक वर्ष ड्रॉपचं धरू. एमडीची तीन वर्षं, त्यानंतर पुन्हा बॉण्डचं एक. मग नीट-एसएस आणि डीएमची तीन वर्षं. ही झाली नऊ. त्या पदवीचाही बॉण्ड आहे, म्हणजे दहा. वय साडेतेहतीस, आणि स्वतःच्या नावाची पाटी अजून लागायची आहे. रेसिडेन्सीत विद्यावेतन मिळतं हे खरं, पण ही दहाही वर्षं कुणाच्या तरी हाताखाली जातात.

त्याच्याच बॅचच्या, फॅमिली मेडिसिन घेतलेल्या मैत्रिणीची पहिली पाच वर्षं बॉण्ड, परीक्षा आणि डीएनबीत जातात. दहाव्या वर्षी तिच्या दवाखान्याला पाच वर्षं झालेली असतात. आधी गरोदरपणात येऊन गेलेल्या बाईच्या मुलाला ती आता शाळेच्या दाखल्यासाठी तपासत असते. दहाव्या वर्षी दोघांची तुलना केली तर ती पुढे दिसेल. विसाव्या वर्षी पैशांत तो बहुधा तिला मागे टाकेल. म्हणून पहिल्या दहा वर्षांच्या कमाईवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. घरात कर्ज आहे का, धाकट्या भावंडांचं शिक्षण बाकी आहे का, हे प्रश्न इथे शाखेच्या आवडीइतकेच खरे असतात आणि ते उघड विचारायला कुणी लाजू नये.

गैरसमज: स्पेशालिस्ट एकदा झालात की कुठेही जा

हे उलटं आहे. शाखा जितकी अरुंद, तितकी ती गावाशी आणि यंत्राशी बांधलेली. हृदयाच्या धमन्यांत स्टेंट टाकणाऱ्याला कॅथलॅब लागते, नवजात बाळांच्या तज्ज्ञाला चोवीस तास नर्स असलेला एनआयसीयू लागतो. सरकारी मापदंड बघा. सपाट भागात 30,000 लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि साधारण 1,20,000 लोकसंख्येला एक सामुदायिक आरोग्य केंद्र, ज्याला आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतो. तिथे अपेक्षित तज्ज्ञ म्हणजे फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ. सुपरस्पेशालिस्टला त्या यादीत जागा नाही, कारण एवढ्या लोकसंख्येत त्याचे हात रिकामे राहतील. लातूर किंवा रत्नागिरीकडे परत यायचं मनात असेल, तर डीएमचा फॉर्म भरण्याआधीच हा विचार केलेला बरा.

दोन टोकांच्या मधली एक वाट मात्र या चर्चेत हरवते. तालुक्याच्या गावातला एमडी मेडिसिन पदवीनं स्पेशालिस्ट असतो, कामानं जनरलिस्ट. सकाळी मधुमेह, दुपारी साप चावलेला शेतकरी, रात्री पक्षाघात. जनरल सर्जनचंही तसंच. तीन वर्षांच्या एमडी-एमएसवर थांबणं म्हणजे अर्ध्यावर सोडणं नव्हे. महाराष्ट्रातली बरीच गावं याच लोकांवर चालतात.

खोलीची गरज खरोखर कुठे असते

हाताच्या कामात. अमेरिकेतल्या रुग्णालयांवरचा 2002 सालचा एक मोठा अभ्यास आहे, बर्कमेयर आणि सहकाऱ्यांचा. स्वादुपिंडाचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया अगदी क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण 16 टक्क्यांच्या वर होतं, तर ती सर्वाधिक करणाऱ्या रुग्णालयांत 4 टक्क्यांच्या आत. पण मानेतली धमनी साफ करण्याच्या शस्त्रक्रियेत हाच फरक जेमतेम 1.7 विरुद्ध 1.5 टक्के इतकाच होता. म्हणजे ‘स्पेशालिस्ट नेहमीच बरा’ हे सरसकट म्हणता येत नाही, कोणतं काम ते बघावं लागतं. अवघड आणि विरळ शस्त्रक्रिया ज्याला करायची आहे, त्यानं दहा वर्षं खोल जायलाच हवं, आणि नंतरही त्यातच राहायला हवं.

गैरसमज: नंतर बदलता येतंच की

कागदावर येतं. नीट-पीजीला वयाची वरची मर्यादा नाही. पण दवाखाना बंद ठेवून, दोन मुलं सांभाळून, 200 बहुपर्यायी प्रश्नांची तयारी करणारे फार थोडे. उलट दिशेनं तर परीक्षाच नाही. डीएम झालेल्यानं जनरल प्रॅक्टिस सुरू केली तर कायदा आड येत नाही, पण तापलेल्या बाळाला दहा वर्षांत हात न लावलेला माणूस तिथे नवखाच असतो.

निवडीसाठी खरा पुरावा मिळतो तो इंटर्नशिप आणि बॉण्डच्या वर्षात. प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना एक साधी वही ठेवावी. पुढे पाठवलेल्या रुग्णांचं काय झालं, ते फोन करून विचारावं. ‘काही नाही, घरी जा’ म्हटलेल्यांपैकी कोण बिघडून परत आला, तेही लिहावं. महिन्याभरानं स्वतःकडे बघावं: निदान न होताच रुग्ण निघून जातो, तेव्हा चैन पडत नाही की त्याची उत्सुकता वाटते? आणि सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये तोच टाका तिसाव्यांदा घालताना कंटाळा आला होता, की तो आधीपेक्षा सुबक पडला म्हणून बरं वाटलं होतं? रँक हातात यायच्या आत ही उत्तरं वहीत असलेली बरी, कारण काउन्सेलिंगच्या वेळी कोणती सीट उरली आहे एवढंच दिसतं.