छंद सांगा, पण पुराव्यानिशी

मुलाखतीत ‘छंद काय?’ या प्रश्नाला नुसतं ‘ट्रेकिंग’ असं उत्तर दिलं, तर समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. समजा, जागा मालवाहतूक कंपनीत नियोजनाची आहे. तिथे असं सांगता येईल : ‘हरिश्चंद्रगडाला दहा जणांना नेण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. पाऊस वाढला, म्हणून खिरेश्वरऐवजी पाचनईची सोपी वाट धरली. गाडी आणि जेवणाची सोय आदल्या रात्रीच बदलली.’ परिस्थिती पाहून बेत बदलण्याची तयारी यातूनच दिसते. ‘माझ्यात नेतृत्वगुण आहेत’ हे वेगळं सांगावं लागत नाही. मात्र ‘चढायला किती वेळ लागला?’ असा पुढचा प्रश्न येऊ शकतो. तिथे अडखळलात, तर आधीच्या उत्तरावरही शंका येते. म्हणून खरोखर जोपासलेलाच छंद सांगा.