सरासरी साडेचौदा टक्के, तरी खिसा हलका!

एक तोंडी गणित करा. एखादी गुंतवणूक पहिल्या वर्षी ५२ टक्के पडली आणि दुसऱ्या वर्षी ८१ टक्के वाढली, तर सरासरी परतावा किती? वर्षाला साडेचौदा टक्के. ऐकायला झकास!

हे आकडे कल्पनेतले नाहीत, आपल्या सेन्सेक्सचे आहेत. २००७ संपलं तेव्हा तो २०,२८७वर होता. २००८च्या अखेरीस ९,६४७वर आला आणि २००९ संपताना १७,४६५पर्यंत चढला. आता यात एक लाख रुपये टाकून बघा (लाभांश सोडून देऊ). पहिल्या वर्षाअखेर हातात उरले ४८ हजार. पुढची ८१ टक्के वाढ झाली ती या ४८ हजारांवर, लाखावर नाही. म्हणून शेवटी झाले साधारण ८७ हजार. दरवर्षी गुपचूप साडेचौदा टक्के देणारी दुसरी एखादी गुंतवणूक असती, तर तेच लाख १ लाख ३१ हजार झाले असते. सरासरी तीच, फरक ४४ हजारांचा! निम्मे पैसे गेले की मूळ जागी यायला ५० नाही, १०० टक्के वाढ लागते, त्याचा हा परिणाम.

हा फरक सरासरीत दिसत नाही, तो दिसतो व्होलॅटिलिटीत, म्हणजे परताव्याच्या चढउतारात. मोजायची रीत तुम्ही स्टॅटिस्टिक्सच्या तासाला शिकलेलीच आहे: प्रमाण विचलन. प्रत्येक वर्षाचा परतावा सरासरीपासून किती लांब गेला ते काढायचं, त्याचे वर्ग करायचे, त्यांची सरासरी घ्यायची आणि वर्गमूळ काढायचं. आपल्या उदाहरणात दोन्ही वर्षं सरासरीपासून साडेसहासष्ट टक्के लांब आहेत, म्हणून उत्तरही तेवढंच. शांत गुंतवणुकीचं उत्तर शून्य. (दोनच वर्षांवरून खरं तर कुणी हे मोजत नाही. फंडांच्या माहितीपत्रकात बहुधा तीन वर्षांच्या परताव्यावरून काढलेला आकडा असतो.)

आणि हा फरक नुसता कागदावरचा नाही. २००८च्या डिसेंबरात फी भरायची असती, तर ४८ हजारांतच विकावं लागलं असतं. ज्याला दहा वर्षं पैशाला हात लावायचा नाही, त्याला तोच चढउतार कमी बोचतो.

पण या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. एक तर तो वर जाण्यालाही चढउतारच समजतो. दुसरं म्हणजे, ज्याचा भाव रोज ठरत नाही ते या मोजमापात उगाच शांत दिसतं. पीएमसी बँकेतल्या ठेवी घ्या. व्याज ठरलेलं, चढउतार शून्य. २३ सप्टेंबर २०१९ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खात्यातून काढता येत होते फक्त एक हजार रुपये.