बारा ओलांडताना

चौथीच्या मुलांसाठीची एक छापील कृतिपत्रिका यंदा पाहण्यात आली. घड्याळाच्या उदाहरणांनी पान भरलेले होते, पण दुपारचे बारा एकाही उदाहरणात ओलांडले जात नव्हते. सगळे सकाळी सुरू होऊन सकाळीच संपत होते. रीत मांडायला जागाही नव्हती, फक्त चार पर्यायांपैकी एकावर खूण करायची. कालावधीच्या गणितातला खरा भाग कुणीतरी कापून टाकला, याचे मला फार वाईट वाटले.

हा भाग पूर्वी कसा शिकवला जायचा, ते आठवते. ऐंशीच्या दशकाबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. तेव्हा आम्ही नाशिकचे शिक्षक पाठ्यपुस्तकातली उदाहरणे सोडवून घ्यायचो. २०१६-१७ मध्ये शिष्यवृत्ती परीक्षा चौथीतून पाचवीत गेली, तिच्यासोबत सरावाची घाईही पुढे सरकली. मधले नव्वदचे दशक मात्र विसरता येत नाही. घड्याळाच्या तबकडीचा रबरी शिक्का वहीत उमटवायचा, काटे मुलांनीच काढायचे. पावणेचार म्हटले की तास काटा चारच्या जरा अलीकडे हवा. तो बरोबर चारवर काढणाऱ्या मुलाला तासाची सरक अजून कळलेली नाही, हे एका नजरेत दिसायचे.

त्यानंतर नाशिक-धुळे एस.टी.चे उदाहरण यायचे. गाडी सकाळी १०:४० ला सुटली आणि दुपारी २:१५ ला पोहोचली, तर प्रवास किती वेळाचा? बरीच मुले ८ तास २५ मिनिटे लिहीत. मोठ्या संख्येतून लहान वजा करायची सवय त्यांना लागलेली असे, म्हणून ती १०:४० मधून २:१५ वजा करत. त्यावर मार्गदर्शक पुस्तकांनी सोपा उपाय छापला: दुपारच्या वेळेत बारा मिळवा. त्या पुस्तकांवर माझा राग आजही कायम आहे. २:१५ चे १४:१५ झाले हे ठीक, पण मुलांनी दुपारच्या १२:२० मध्येही बारा मिळवून २४:२० केले, आणि रात्रीचे १२:२० तसेच ठेवले. ते ००:२० होतात, हे त्या पुस्तकांत कुठे नव्हते.

१४:१५ मधून १०:४० वजा करताना दुसरी चूक होते. पंधरातून चाळीस जात नाहीत, मग एक तास सुटा करायचा. त्याची ६० मिनिटे मिळाली की १३ तास ७५ मिनिटे होतात आणि उत्तर ३ तास ३५ मिनिटे येते. मूल मात्र सवयीने शंभर घेते, १४१५ मधून १०४० वजा करते आणि ३ तास ७५ मिनिटे लिहिते. ही चूक निदान दिसते, कारण पंचाहत्तर मिनिटे पाहून कुणीही थबकतो. आता गाडी १०:५० ला सुटून २:०५ ला पोहोचली असे समजा. तेच मूल ३ तास ५५ मिनिटे लिहील. खरे उत्तर ३ तास १५ मिनिटे आहे, पण चुकीचे उत्तरही अगदी शहाणे दिसते. शंभर घेतले की उत्तर नेमके चाळीस मिनिटांनी वाढते. त्यामुळे बरोबर उत्तरातली मिनिटे वीसपेक्षा कमी असली तर चूक लपते. म्हणून आम्ही दोन्ही प्रकारची उदाहरणे मुद्दाम द्यायचो आणि रीत बघायचो. नुसत्या खुणेतून यातले काही कळत नाही.

वजाबाकीआधी मी मुलांना टप्प्यांनी चालायला लावत असे. १०:४० ते ११ वीस मिनिटे, ११ ते २ तीन तास, २ ते २:१५ पंधरा मिनिटे. बारा वाटेतच मागे पडतात, त्यांच्यासाठी वेगळा नियम लागत नाही.

मध्यरात्रीच्या बाबतीत मात्र टप्पे पुरत नाहीत, तिथे तारीख बदलते. नाशिकरोडहून रात्री ९:५० ला निघालेली गाडी भुसावळला १:३५ ला पोहोचली तर ३ तास ४५ मिनिटे झाली. हे मुलांना जमते. पण १५ तारखेच्या ००:२० च्या गाडीसाठी घरून कधी निघायचे, असे विचारले की बहुतेक हात १५ च्या रात्रीसाठी वर होत. खरे तर १४ ला रात्री जेवून निघायला हवे. मुलांचा यात दोष नाही. पंचांगातला वार सूर्योदयापासून मोजतात, घरात ‘उद्या’ झोपून उठल्यावर उजाडतो, आणि रेल्वेची तारीख मात्र सगळे झोपेत असताना बदलते. तिकीट हातात असून गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली मोठी माणसे मी पाहिली आहेत. या उदाहरणासाठी फळ्यावर दोन चौकटी आखून मधल्या रेघेवर ००:०० लिहायचो आणि १५ च्या चौकटीत सर्वांत आधी ००:२० मांडायचो.

नव्या कृतिपत्रिकेत हे उदाहरण नाही. ती छापणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत निदान दोन उदाहरणे बारा ओलांडणारी घालावीत, एक दुपारचे आणि एक रात्रीचे. आणि खाली रीतीसाठी चार ओळी कोऱ्या सोडाव्यात.