फ्लाइट मोडमध्ये घड्याळ गप्प होतं, बंद पडत नाही

गैरसमज असा की, विमानात स्मार्ट घड्याळ फ्लाइट मोडवर टाकलं की वेळ चुकते आणि व्यायामाची नोंद थांबते. वस्तुस्थिती वेगळी आहे. फ्लाइट मोड बंद करतो तो घड्याळातून बाहेर जाणाऱ्या रेडिओलहरी: मोबाइल नेटवर्क, वाय-फाय आणि बऱ्याच घड्याळांत ब्लूटूथही. वेळ मोजणारा क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्याला नेटवर्क लागत नाही. पावलं मोजणारा संवेदक हाताची हालचाल ओळखतो, तर नाडी मोजणारा हिरवा प्रकाश त्वचेतून परतताना किती बदलला ते पाहतो. यातलं काहीच रेडिओवर चालत नाही. नोंद घड्याळाच्या स्मृतीत साठते आणि नंतर फोनकडे जाते.

मुंबई–दुबई प्रवासाचं उदाहरण घेऊ. भारतीय वेळेनुसार साडेअकराला, सीटबेल्टचा दिवा विझल्यावर, कोणी विमानातल्या वाटेत पंधरा मिनिटं चाललं आणि तेवढी नोंद केली. विमान दुपारी १.१० ला उतरलं, तेव्हा दुबईत ११.४० वाजले होते. घड्याळ मात्र १.१०च दाखवेल. ते चुकलेलं नाही. नवा प्रदेश त्याला अजून कोणी सांगितलेला नाही, इतकंच. फ्लाइट मोड काढून फोनशी जोडलं की काटे दीड तास मागे येतील, पण चालणं पंधरा मिनिटांचंच राहील, कारण कालावधी दोन क्षणांमधल्या अंतरावरून मोजला जातो आणि व्यायामाच्या नोंदीत वेळ सहसा जागतिक प्रमाणवेळेत साठवली जाते.

यावर कोणी म्हणेल, जीपीएस तर केवळ उपग्रहांचे संकेत ऐकतं, मग तेही चालू ठेवावं. ते काही प्रक्षेपित करत नाही हे खरं. काही घड्याळांत ते फ्लाइट मोडमध्येही चालू राहतं. पण नोंद बिघडते ती इथेच. खिडकीजवळ संकेत मिळाला, तर विमानाचा ताशी आठशे किलोमीटरचा वेग तुमच्या चालण्याच्या नावावर जमा होतो. म्हणून जीपीएस नसलेला, घरातल्या चालण्याचा प्रकार निवडावा. उंचीचा आकडाही जपून वाचावा. घड्याळाचा वायुदाबमापक केबिनमधला दाब मोजतो आणि तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका ठेवलेला असतो. त्यामुळे विमान अकरा हजार मीटरवर असलं, तरी घड्याळ दोन हजारांच्या आसपासच दाखवेल. उड्डाणापासून नोंद चालू असेल, तर बसल्या जागी डोंगर चढल्याची खूणही उमटू शकते.

मग फ्लाइट मोड कशाला, हा आक्षेप उरतो. उत्तर सोपं आहे: मोबाइल आणि वाय-फाय लहरी सोडतात, मोजणारे संवेदक सोडत नाहीत. ब्लूटूथबाबत विमान कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात, तिथे कर्मचाऱ्यांची सूचना अंतिम मानावी. उड्डाणाआधी फ्लाइट मोड लावा, नोंद निर्धास्त करा आणि उतरल्यावर वेळ एकदा फोनशी ताडून पाहा.