अहवालांच्या मधला माणूस

मंडळी, आसनगावच्या मागच्या व्याख्यानात एका श्रोत्याने विचारलं, "कंपनीचे जुने प्रमुख कोण, कधीपासून कधीपर्यंत, हे शोधायचं तर वार्षिक अहवाल पुरेत ना?" आम्हीही एकदा अशी यादी केवळ अहवालांवरून केली होती, आणि एक माणूस तिच्यातून चक्क गळाला होता. तेच उदाहरण आज पाहू.

कंपनी इन्फोसिस, १९८१ साली पुण्यात सुरू झालेली. वार्षिक अहवाल ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचा असतो. २०१६-१७ चा अहवाल उघडला, प्रमुख म्हणून विशाल सिक्का. पुढच्या वर्षीचा उघडला, सलील पारेख. आम्ही लिहून टाकलं: सिक्कांनंतर पारेख. पण दोन्ही अहवाल वर्षअखेरची स्थिती पुढे ठेवतात. अधेमधे कोणी आला नि गेला, तर पहिल्या पानांवर तो दिसेलच असं नाही.

मग आपण काय करायचं? बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव घालून, या दोन अहवालांमधल्या काळातल्या घोषणा वाचायच्या. संचालक किंवा मुख्य अधिकारी बदलला की नोंदणीकृत कंपनीला ते बाजाराला कळवावंच लागतं. तिथे सापडतं, की १८ ऑगस्ट २०१७ ला सिक्कांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी यू. बी. प्रवीण राव अंतरिम प्रमुख झाले. पारेख यांचं नाव २ डिसेंबरला जाहीर झालं, पण पदभार २ जानेवारी २०१८ पासून. म्हणजे राव साडेचार महिने प्रमुख होते, आणि आमच्या यादीत त्यांना जागाच नव्हती!

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, जाहीर झाल्याची तारीख हीच पदभाराची तारीख धरायची. तसं केलं तर पारेख महिनाभर आधीच खुर्चीत बसतात. घोषणेत 'पासून' हा शब्द कोणत्या तारखेला जोडला आहे, ते पाहायचं. दुसरी, पद सोडणं आणि कंपनी सोडणं एकच मानायचं. सिक्का १८ तारखेला प्रमुखपदावरून उतरले, पण कार्यकारी उपाध्यक्ष म्हणून राहिले. संचालक मंडळ त्यांनी २४ ऑगस्टला सोडलं. आपल्या यादीला १८ हवी, २४ नव्हे.

शेवटी पुन्हा अहवालाकडेच या. संचालकांच्या अहवालात आणि संबंधित पक्षांच्या टिपेत, मागे कुठेतरी बारीक अक्षरात, वर्षभरातले बदल तारखांसह दिलेले असतात. घोषणेशी ते जुळले, की नोंद पक्की.

एक मर्यादा मात्र आहे. इन्फोसिस शेअर बाजारात आली १९९३ साली. त्याआधीच्या काळासाठी बाजाराला केलेल्या घोषणा नाहीतच. तिथे दुसरी कागदपत्रं शोधावी लागतात. आणि यादीत 'अंतरिम' हा शब्द गाळू नका. ते पद थोड्या काळाचं होतं, पण सह्या त्याच माणसाच्या होत्या.